दुय्यम कोलेस्टेरॉलवृद्धी

दुय्यम कोलेस्टेरॉलवृद्धी म्हणजे दुसऱ्या एखाद्या आजारामुळे किंवा औषधामुळे रक्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढणे. थायरॉईड ग्रंथीची अल्पक्रियता, मूत्रपिंडाचे विकार आणि काही औषधे ही तिची महत्त्वाची कारणे आहेत. मूळ कारण दूर झाल्यास ही वाढ बहुधा कमी होते.

कारणे

यकृतातील पेशींवरील ग्राही रक्तातील एलडीएल कण पकडून आत घेतात. थायरॉईड संप्रेरक कमी पडले की हे ग्राही घटतात आणि एलडीएल रक्तात साचते. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे ही लक्षणे सोबत असू शकतात. मात्र ती नसतानाही टीएसएच वाढलेले आढळते.

नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मूत्रावाटे दिवसाला साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिने जातात. रक्तातील अल्ब्युमिन घटल्यावर यकृत अधिक मेदप्रथिने तयार करते. पायांवरील सूज व फेसाळ लघवी ही त्याची खूण होय. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात मात्र मुख्यतः ट्रायग्लिसराइड वाढतात.

स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन, थायझाइड गटातील मूत्रल आणि मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन यांनीही रक्तातील मेद वाढतात. अशी औषधे रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत. स्टिरॉइड एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

उदाहरण

नमुन्यादाखल, चिखलदऱ्यातील एका मध्यमवयीन स्त्रीचे एलडीएल २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले, असे समजू. पुढील तपासण्यांसाठी घाट उतरून परतवाडा किंवा अमरावती गाठावे लागत असल्यास टीएसएच, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन आणि मूत्रातील प्रथिने यांचे नमुने एकाच खेपेत देणे सोयीचे ठरते. टीएसएच ३८ मिलियुनिट प्रति लिटर (सामान्यतः सुमारे ०.४ ते ४.५) व इतर तपासण्या ठीक आल्यास लेव्होथायरॉक्सिन सुरू केले जाते. टीएसएच ३ वर आल्यानंतर एलडीएल १२५ पर्यंत उतरले, तर वाढीचे मुख्य कारण थायरॉईडच होते असे ठरते. ते १९० च्या वरच राहिले, तर आनुवंशिक कारणाचा शोध घ्यावा लागतो.

फेरतपासणी

लेव्होथायरॉक्सिनची मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. त्याआधीची तपासणी दिशाभूल करते, कारण औषधाची रक्तातील पातळी स्थिरावण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. कोलेस्टेरॉलची खरी पातळी टीएसएच सामान्य झाल्यावरच कळते. औषध बदलल्यास सहा ते बारा आठवड्यांनी, तर नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मूत्रातील प्रथिने आटोक्यात आल्यावर फेरतपासणी करतात.

मर्यादा

गंभीर संसर्गात वा हृदयविकाराच्या झटक्यानंतर एलडीएल तात्पुरते उतरते, तर गरोदरपणात ते चढते. त्या काळातील आकडा आधारभूत मानत नाहीत. उपचार न झालेल्या थायरॉईड अल्पक्रियतेत स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. तथापि, आधीच हृदयविकार असलेल्या रुग्णात फेरतपासणीची वाट पाहत स्टॅटिन लांबवावे की नाही, हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.