अचानक मोबाइलची रेंज गेली? सिम स्वॅपची शंका घ्या

घरात सगळ्यांचे फोन चालू आहेत, बिल भरलेले आहे, आणि आपल्याच फोनवर No Service किंवा Emergency calls only दिसते. बहुतेक वेळा हा टॉवरचा किंवा सिम सैल झाल्याचा दोष असतो. पण आपल्याच नंबरचे नवे सिम दुसऱ्या कुणी सुरू केले, तरीही हेच दिसते. एका नंबरवर एकच सिम चालते. त्यामुळे नवे सुरू होताच आपल्या खिशातले सिम बंद पडते. यालाच सिम स्वॅप म्हणतात.

डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतील माहीमच्या एका व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी उलट फोन लावायला गेले तर सिम बंद. चौकशीत कळले, त्यांच्याच नावाने रात्री सिम बदलण्याची विनंती झाली होती. तोपर्यंत खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये वळते झाले होते.

नुसत्या सिमने पैसे निघत नाहीत, हे लक्षात घ्या. बँकेचा पासवर्ड किंवा कार्डाची माहिती चोराने आधीच खोट्या लिंकवरून किंवा 'केवायसी संपली' अशा फोनवरून मिळवलेली असते. त्याला फक्त ओटीपी हवा असतो, आणि तो आता त्याच्या हातातल्या सिमवर येतो. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवावेत असा नियम आहे, पण त्या भरवशावर बसू नये.

मग ओळखायचे कसे? फोन बंद करून चालू करा, सिम काढून पुन्हा घाला. शेजारी त्याच कंपनीचा फोन चालतो का पाहा. मग दुसऱ्या फोनवरून आपला नंबर लावा. आपल्या हातातला फोन मुका, आणि पलीकडे मात्र रिंग वाजतेय? कॉल फॉरवर्ड लावलेले नसेल, तर आपला नंबर दुसऱ्याकडे गेला असे समजा. नुसते 'स्विच ऑफ' ऐकू आले म्हणून निर्धास्त होऊ नका. चोराने फोन बंदही ठेवलेला असू शकतो.

अशा वेळी आधी बँक, मग सिम कंपनी. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्या. त्यानंतर कंपनीला नंबर गोठवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पासवर्ड किंवा ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच.

एक गोष्ट आम्ही पालकांना नेहमी सांगतो: बँकेचा हेल्पलाइन नंबर फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका, पासबुकावर लिहून ठेवा. अम्मी-अब्बांच्या पासबुकावरही.