स्मर्फबेरीची पावती

मोबाइलवरील खेळात हिरे वा नाणी विकत घेणाऱ्यास, आपले पैसे खेळ रचणाऱ्याच्या हाती पडले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या पैशांची वसुली करणारा बहुधा निराळाच असतो, आणि त्याच्या या मुखत्यारीचे मूळ खेळांत नसून गाण्यांच्या दुकानात आहे. एप्रिल २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडून एकेक गाणे ९९ सेंटांस विकावयास आरंभ केला, तेव्हापासून ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांचे तपशील तिच्या दप्तरी जमा होत गेले. आणि जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर निघाले, ते त्याच खात्यांच्या आधारावर, विक्रीच्या शेकडा ३० दस्तुरी कापून घेण्याच्या करारासह.

ॲपच्या आत विक्री करण्याची मुभा जून २००९ मध्ये मिळाली, तीही केवळ किंमत मोजून घेतलेल्या ॲपांपुरती. फुकट ॲपांवरील ही बंदी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उठली, आणि माझ्या मते या व्यापाराचा खरा जन्म त्या दिवशी झाला.

व्यवहाराची रीत अशी, की खेळाने वस्तूचे सांकेतिक नाव स्टोअरला कळवावयाचे, किमतीचा फलक ग्राहकापुढे स्टोअरने मांडावयाचा, पासवर्ड त्यानेच घ्यावयाचा, कार्डावर रक्कम त्यानेच टाकावयाची, आणि मग स्वाक्षरीयुक्त डिजिटल पावती खेळाकडे धाडावयाची. ती खरी असल्याची खातरजमा करून खेळाने वस्तू द्यावी, एवढेच त्याचे काम. ९९ सेंटांच्या खरेदीतील सुमारे ७० सेंट त्याला मागाहून मिळत. कार्डाचा क्रमांक मात्र कधीच दिसत नाही, आणि रक्कम परत करण्याचा अखत्यारही त्याच्याकडे नसतो.

या वाटणीतील धोका ‘स्मर्फ्स व्हिलेज’ या फुकट खेळाने उघड केला. त्यातील पिके झटपट वाढविणाऱ्या स्मर्फबेऱ्यांची गाडीभर रास ९९ डॉलरांस मिळे. आणि पासवर्ड एकदा दिला की पंधरा मिनिटे तो पुन्हा विचारला जात नसे, त्यामुळे खेळ उतरवून देऊन आईबाप निर्धास्त झाले, तरी तेवढ्या अवधीत मूल हव्या तितक्या गाड्या भरून घेई, आणि महिनाअखेरीस कार्डाच्या बिलावर खेळ रचणाऱ्याचे नव्हे, तर आयट्यून्सचे नाव झळके. २०११ च्या प्रारंभी या तक्रारींचा अमेरिकेत बोभाटा झाला. मार्चमध्ये ॲपलने ॲपमधील खरेदीसाठी पासवर्ड स्वतंत्रपणे मागण्यास प्रारंभ केला, परंतु तो दिल्यावरही पंधरा मिनिटांची नवी मोकळीक मिळतच राहिली, आणि ती मिळते हे पालकांस कोणी सांगितलेच नाही, असा आक्षेप फेडरल ट्रेड कमिशनने घेतला. जानेवारी २०१४ च्या तडजोडीत ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याची, आणि खरेदीपूर्वी स्पष्ट संमती घेण्याची हमी लिहून द्यावी लागली, ती खेळ रचणाऱ्यांना नव्हे, वसुली करणाऱ्या ॲपलला.