काळ्या कातळाखालची दरी

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात सुमारे 180 माणसे गेली. त्यानंतर संशोधकांपुढे प्रश्न उभा राहिला, की या काळ्या कातळाच्या खाली नेमके काय दडले आहे? वडूजहून पश्चिमेला कोयना आणि ईशान्येला कुर्डुवाडी. या दोन्ही नावांच्या ‘खचदऱ्या’ कातळाखाली आहेत, असे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी 1973 साली मांडले. जमीन न खोदता हे कसे कळले आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा, याचा मी काही वर्षे पाठपुरावा केला. हाती आले ते इथे मांडतो.

या मांडणीचा आधार होता गुरुत्वाकर्षणाची मोजणी. खाली जड खडक असेल तिथे पृथ्वीची ओढ किंचित वाढते, हलका असेल तिथे घटते. ही ओढ मिलिगॅलमध्ये मोजतात. आपल्याकडे ती एकूण सुमारे 9 लाख 78 हजार मिलिगॅल आहे आणि शोध घ्यायचा असतो त्यातल्या दहा-वीस मिलिगॅलच्या फरकाचा. गुरुत्वमापी म्हणजे मुळात एका नाजूक स्प्रिंगला टांगलेले वजन. स्प्रिंग दिवसभरात हळूहळू सैलावते, म्हणून दर दोन-तीन तासांनी ठरलेल्या ठिकाणी परत येऊन तिथले माप पुन्हा घ्यावे लागते.

खरी अडचण मात्र उंचीची आहे. एक मीटर वर चढले की ओढ सुमारे 0.3 मिलिगॅलने घटते, आणि पायाखाली आलेला जादा खडक त्यातली काही ओढ भरून काढतो. ती किती, हे खडकाच्या घनतेवर ठरते. जगभर 2.67 हा आकडा वापरण्याची रूढी आहे, पण आपला बेसॉल्ट 2.9 च्या आसपास भरतो. समजा, नदीचे पात्र आणि शेजारचे पठार यांत 600 मीटरचा फरक आहे. केवळ या चुकीच्या घनतेमुळे पठारावर सुमारे 5.8 मिलिगॅलची खोटी वाढ दिसेल, आणि नदीकाठ विनाकारण ‘हलका’ वाटेल. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. गुरुत्वाचा नकाशा डोंगरदऱ्यांचीच नक्कल करू लागला, तर घनता चुकली असे समजावे.

इतकी काळजी घेऊनही एक पेच सुटत नाही. समजा, 12 मिलिगॅलची घट खरीच आहे. कातळाखाली एक किलोमीटर जाडीचा, आसपासच्या खडकापेक्षा 0.3 ने हलका गाळाचा खडक असेल तर एवढी घट येते. फक्त 0.1 ने हलका, पण तीन किलोमीटर जाड ग्रॅनाइट असेल तरीही तेवढीच येते. पहिल्या उत्तरात गाळाने भरलेली दरी आहे, दुसऱ्यात दरीच नाही. यंत्राला दोन्ही सारखीच.

मग चुंबकीय मोजणीने निवाडा करावा, तर आपला कातळ आडवा येतो. कातळ चुंबकीय नसतो तिथे लोहखनिजाचा साठा ठळक उठून दिसतो. बेसॉल्टमध्ये मात्र मॅग्नेटाइटचे कण जागोजाग असतात. शिवाय लाव्हा थंड होत गेला त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले, त्यामुळे काही थरांचे चुंबकत्व सुलटे, तर काहींचे उलटे आहे. वरच्या थरांच्या या गोंगाटात खालच्या खडकाचा आवाज दबून जातो.

शेवटी निवाडा केला विंधनाने. कोयना परिसरात 2011 नंतर दीड किलोमीटरपर्यंत खोल विवरे घेतली गेली. रासाटीच्या विवरात सुमारे 933 मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नीस. मध्ये गाळाचा थरच नव्हता. 2017 मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल गेल्यावर बेसॉल्ट 1,247 मीटर जाड निघाला आणि खाली पुन्हा तोच पाया खडक. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर घेतलेल्या विवरात 338 मीटर बेसॉल्टखाली अवघा आठेक मीटर गाळ मिळाला.

म्हणजे 1973 ची मोजणी खोटी होती का? नाही. घट खरी होती; ‘गाळाने भरलेली दरी’ हा तिचा एक अर्थ होता, आणि जिथे विवर गेले तिथे तो टिकला नाही. पण विवराचे तोंड वीतभर रुंद, आणि नकाशावरचे पट्टे कित्येक किलोमीटरचे. दोन विवरांच्या मधल्या जमिनीबद्दल आजही गुरुत्वमापीलाच विचारावे लागते. फरक इतकाच, की आता बेसॉल्टची जाडी काही ठिकाणी मोजून ठाऊक आहे. ती हिशेबात धरली, की उरलेली घट पाया खडकातच शोधावी लागते. त्यामुळे नकाशावर ‘कोयना खचदरी’ असे नाव वाचताना ते मोजलेले आहे की लावलेला अर्थ आहे, हे विचारायला हवे. भूकंपाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर आवर्जून.