स्कॅचर्ड आलेख : बंधन-आकर्षणाच्या मापनाचा इतिहास (१९४९ ते १९८२)

प्रस्तावना

औषध, संप्रेरक किंवा आयन प्रथिनाला किती घट्ट बांधला जातो, हा जीवरसायनशास्त्रातील जुना प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्तर बहुधा एका सरळ रेषेच्या आधारे दिले जाई. ती रेषा कशी रूढ झाली आणि तिच्यावरील विश्वास का कमी झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मूळ संकल्पना

प्रथिनावरील जागा आणि तिला बांधला जाणारा लहान रेणू, म्हणजे लिगंड, यांचे बंधन परिवर्तनीय असते. समतोल साधल्यावर मोकळ्या जागांची संहती आणि मोकळ्या लिगंडची संहती यांच्या गुणाकाराला बद्ध संकुलाच्या संहतीने भागले असता विचरण स्थिरांक (Kd) मिळतो. निम्म्या जागा ज्या मोकळ्या संहतीला व्यापल्या जातात, ती संहती म्हणजेच Kd होय. म्हणून हा अंक जितका लहान, तितके आकर्षण अधिक. बद्ध लिगंड B, मोकळा लिगंड F आणि एकूण जागा Bmax मानल्यास संपृक्तता वक्राचे समीकरण असे होते :

B = Bmax × F / (Kd + F)

हा वक्र आरंभी वेगाने चढतो व पुढे सपाट होत जातो; मात्र कमाल मर्यादेला तो प्रत्यक्षात कधीच टेकत नाही. गणकयंत्रे सुलभ नसलेल्या काळात त्यावरून Bmax नेमका वाचणे कठीण होते.

स्कॅचर्ड यांची मांडणी

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील भौतिक रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज स्कॅचर्ड यांनी १९४९ साली प्रथिनांच्या लहान रेणू व आयनांविषयीच्या आकर्षणावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मांडणीनुसार वरील समीकरण पुढील रूपात लिहिता येते :

B/F = (Bmax − B) / Kd

आडव्या अक्षावर B आणि उभ्या अक्षावर B/F घेतल्यास सरळ रेषा मिळते. तिचा उतार −1/Kd असतो आणि ती आडव्या अक्षाला जेथे छेदते, तेथे Bmax वाचता येतो. १९५९ मध्ये बर्सन आणि यॅलो यांनी इन्सुलिन व त्याची प्रतिद्रव्ये यांच्या अभ्यासात याच प्रकारचे विश्लेषण वापरले. पुढे किरणोत्सारी खुणेचे लिगंड उपलब्ध होताच ग्राहींच्या अभ्यासात हा आलेख सर्वत्र रूढ झाला.

एक उदाहरण

Bmax 100 एकके आणि Kd 2 नॅनोमोलर मानू. मोकळी संहती 0.5, 1, 2, 6 आणि 18 नॅनोमोलर असताना बद्ध लिगंड अनुक्रमे 20, 33.3, 50, 75 आणि 90 येतो. B/F च्या किमती 40, 33.3, 25, 12.5 आणि 5 येतात व सर्व बिंदू एकाच रेषेवर बसतात.

आता प्रत्येक नॅनोमोलरमागे 1 एकक लिगंड काचेच्या नळीला वा पटलाला अविशिष्टपणे चिकटतो असे समजू. बद्ध लिगंड 20.5, 34.3, 52, 81 आणि 108 होईल. ही वाढ किरकोळ भासते. परंतु आलेखात रेषा वाकून तिला लांब शेपूट फुटते. शेवटच्या दोन बिंदूंवरूनच रेषा ओढली, तर Kd 3.6 आणि Bmax सुमारे 130 येतो. दुसरा, कमी आकर्षणाचा जागासमूह सापडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तसा समूह नाही. म्हणूनच खुणेविरहित लिगंड मोठ्या प्रमाणात मिसळून अविशिष्ट बंधन वेगळे मोजणे व वजा करणे आवश्यक ठरते.

टीका

१९६७ मध्ये रोझेन्थल यांनी दाखविले की, दोन जागासमूह खरोखर असले तरी वक्राच्या दोन टोकांना सरळ रेषा ओढून त्यांचे स्थिरांक थेट मिळत नाहीत. दुसरा दोष रचनेतच होता. B दोन्ही अक्षांवर असल्यामुळे त्याच्या मापनातील चूक दोन्हीकडे पसरते आणि साध्या रेषीय समाश्रयणाची गृहीतके मोडतात.

सर्वांत प्रभावी आक्षेप अर्व्हिंग क्लॉट्झ यांचा होता. १९८२ मधील 'सायन्स' नियतकालिकातील लेखात त्यांनी ग्राहींची संख्या ठरविण्यासाठी होणाऱ्या या आलेखाच्या वापरावर बोट ठेवले. B ची किंमत मोकळ्या संहतीच्या लॉगॅरिदमसमोर मांडली असता S-आकाराचा वक्र मिळतो. मापने त्याच्या मधल्या वळणबिंदूच्या पुढे गेली नसतील, तर निम्म्या जागाही भरलेल्या नसतात. वरील उदाहरणात 2 नॅनोमोलरलाच प्रयोग थांबविला, तर 50 ते 100 हा सारा पल्ला केवळ पट्टीने वाढविलेल्या रेषेवर अवलंबून राहतो. सरळ रेषा ही उणीव झाकते. लॉगॅरिदमी आलेख ती उघड करतो.

समारोप

आज संगणकाद्वारे मूळ संपृक्तता वक्रावरच अरेषीय पद्धतीने Kd आणि Bmax काढले जातात. स्कॅचर्ड आलेख मुख्यतः विदा डोळ्यांसमोर मांडण्यासाठी उरला आहे. त्यातील वाकलेली रेषा प्रश्न उपस्थित करते : जागा दोन प्रकारच्या आहेत, त्या परस्परांवर परिणाम करतात, समतोल साधलेला नाही की अविशिष्ट बंधन वजा करावयाचे राहिले आहे? याचा निर्णय आलेख देत नाही, तो स्वतंत्र प्रयोगानेच करावा लागतो.