एका बटणावरची बाराखडी

२००१च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग मुंबईत व्याख्यानाला आले होते. त्यांचं नाव काढलं की सगळ्यांना आठवतो तो त्यांचा यांत्रिक आवाज. मला मात्र कुतूहल आहे ते त्यांच्या हातातल्या बटणाचं. आवाज नुसता वाचून दाखवायचा, लिहायचं ते बटण!

१९८५ साली न्यूमोनियात हॉकिंग यांच्या श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि वाचा गेली. मग कुणीतरी अक्षरांचा तक्ता समोर धरून एकेका अक्षरावर बोट न्यायचं आणि हवं ते अक्षर आलं की ते भुवई उंचावायचे. पुढे कॅलिफोर्नियाच्या वॉल्ट वॉल्टोझ यांनी त्यांना 'इक्वलायझर' हा प्रोग्रॅम पाठवला. कल्पना तीच. बोटाच्या जागी पडद्यावर सरकणारा उजेड आणि भुवईच्या जागी बटण.

आता गणित बघा. उजेड दर सेकंदाला एक अक्षर पुढे सरकतो असं धरू. इंग्रजीतलं 'टी' विसावं अक्षर, म्हणजे वीस सेकंद नुसतं बघत बसायचं. पण तीच अक्षरं सहा-सहाच्या ओळींत मांडली, आधी अख्खी ओळ उजळवली आणि बटण दाबल्यावर त्या ओळीतलं एकेक अक्षर, तर? 'टी' चौथ्या ओळीत दुसरं. चार अधिक दोन, सहा सेकंद. सतत लागणारं 'ई' पहिल्या ओळीत पहिलं बसवलं की त्याला दोनच सेकंद. शाळेत घोकलेला एबीसीडीचा क्रम इथे अगदी निरुपयोगी!

खरी गोम आहे वेगात. उजेड दिसणं, कळणं आणि स्नायू हलणं यात साधारण ०.६५ सेकंद जात असतील, तर एका घरावर उजेड सेकंदभर तरी थांबायला हवा. थांबला नाही, तर पुढचंच घर पकडलं जातं. चुका नेहमी एक घर पुढच्या होत असतील तर समजावं की वेग जास्त आहे. नेहमी एक घर आधीच्या होत असतील तर माणूस कंटाळून घाई करतोय, म्हणजे बहुधा वेग कमी आहे. दोन बटणं वापरता येत असतील तर एकाने पुढे सरकायचं, दुसऱ्याने निवडायचं. घड्याळाची कटकट संपते, पण बटण कितीतरी जास्त वेळा दाबावं लागतं आणि दमछाक होते. असो.

हॉकिंग हाताने मिनिटाला जास्तीत जास्त पंधरा शब्द लिहायचे. सॉफ्टवेअर नेहमीचे शब्द आधीच समोर ठेवायचं, म्हणून हे जमायचं. पुढे हातही थकला. मग चष्म्याला लावलेल्या इन्फ्रारेड सेन्सरने गालाची हालचाल टिपायला सुरुवात केली. २०११च्या सुमारास वेग मिनिटाला एखाद्या शब्दावर आला होता. इंटेलच्या लोकांनी त्यांच्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहिला, शब्दांचा अंदाज सुधारला आणि २०१५ साली तो सगळ्यांसाठी खुला केला. बटण शेवटपर्यंत एकच राहिलं, गालाचं.