नगरला भाड्याने राहायचं की कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा? २० वर्षांचा सरळ हिशोब

अहिल्यानगर : पारनेर, पाथर्डी, शेवगाव, कर्जत अशा तालुक्यांतून नोकरीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी नगर शहरात आलेल्या कुटुंबासमोर दोन-तीन वर्षांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. सावेडीत, केडगावात भाडं भरत राहायचं, की बँकेचं कर्ज काढून स्वतःचा फ्लॅट घ्यायचा? गावाकडची मंडळी म्हणतात, "भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा." एखादा हिशोबी माणूस म्हणतो, "व्याज तरी कुठं परत मिळतं?" दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पूर्ण उत्तरासाठी दोन्ही वाटांचा एकूण खर्च मांडावा लागतो आणि दर महिन्याला वाचणाऱ्या पैशाचं पुढे काय होतं, हेही धरावं लागतं.

उदाहरण असं धरू

नवरा सुपा एमआयडीसीत कामाला, मुलं नगरच्या शाळेत. गावाकडे वडिलांचं घर आहे. शहरात ३० लाखांचा तयार, दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला आहे. तसाच फ्लॅट त्याच भागात महिना ९,००० रुपये भाड्याने मिळतो आणि डिपॉझिट ३०,००० आहे. हे आकडे हिशोबापुरते धरले आहेत. तुमच्या भागातले खरे आकडे घालून हाच हिशोब तुम्हालाही करता येईल.

फ्लॅट घेतला तर

बँक २४ लाख देते, उरलेले ६ लाख स्वतःचे घालावे लागतात. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांच्या हिशोबाने १ लाख ८० हजार आणि नोंदणी फी ३०,००० रुपये. हे २ लाख १० हजार सहसा कर्जात बसत नाहीत, खिशातूनच जातात. म्हणजे पहिल्याच दिवशी ८ लाख १० हजार रुपये लागतात. (फ्लॅट फक्त महिलेच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ३०,००० वाचतात.)

व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर दर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. २४ लाखांचा हप्ता होतो २०,८२८ रुपये. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती मिळून महिना १,५०० धरा. एकूण खर्च महिन्याला २२,३२८.

भाड्याने राहिलं तर

महिना ९,००० रुपये. दर वर्षी भाडं ५ टक्क्यांनी वाढतं असं धरू. मालकाचा मेंटेनन्सचा खर्चही तसाच वाढतो.

नुसता जमाखर्च मांडला तर २० वर्षांत भाड्यापोटी सुमारे ३५ लाख ७० हजार जातात. फ्लॅटवाल्याचे जातात सुमारे ६४ लाख. पण फ्लॅटवाल्याच्या हातात शेवटी घर असतं. भाडेकरूच्या हातात काय असतं, हे त्याने वाचलेल्या पैशाचं काय केलं यावर ठरतं.

खरा मुद्दा : फरकाची रक्कम

भाडेकरूकडे दोन प्रकारे पैसा वाचतो. एक, सुरुवातीचे ८ लाख १० हजार. त्यातून ३०,००० डिपॉझिट गेलं, उरले ७ लाख ८० हजार. दोन, दर महिन्याचा फरक. पहिल्या वर्षी तो १३,३२८ रुपये असतो. भाडं वाढत जातं आणि हप्ता तोच राहतो, म्हणून फरक आटत जातो. दहाव्या वर्षी तो ९,२०० च्या आसपास येतो, विसाव्या वर्षी जेमतेम १,९०० रुपये उरतो.

हे सगळे पैसे वर्षाला ७ टक्के देणाऱ्या ठिकाणी गुंतवले असं धरू. पोस्टाच्या पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के राहिला आहे, त्यामुळे ७ टक्के हा काही हवेतला आकडा नाही. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंतच भरता येतात, हे मात्र ध्यानात ठेवा. बाकी रक्कम एफडी किंवा आरडीत जाईल आणि त्याच्या व्याजावर कर लागू शकतो.

दुसरीकडे, फ्लॅटची किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढते असं धरू. मग कोणाच्या हातात किती उरतं ते पाहा. फ्लॅटवाल्याची रक्कम म्हणजे फ्लॅटची किंमत वजा बाकी कर्ज.

- ५ वर्षांनी : भाडेकरूकडे सुमारे २०.२ लाख, फ्लॅटवाल्याकडे १७.१ लाख
- १० वर्षांनी : भाडेकरूकडे ३५.६ लाख, फ्लॅटवाल्याकडे ३२.१ लाख
- २० वर्षांनी : भाडेकरूकडे ७९.७ लाख, फ्लॅटवाल्याकडे ७९.६ लाख

वीस वर्षांनी दोघेही जवळजवळ बरोबरीत येतात. पण पाच-दहा वर्षांत घर विकायची वेळ आली, तर फ्लॅटवाला मागे राहतो. विकताना एजंटचं कमिशन जातं ते वेगळंच.

सुरुवातीची वर्षं जड का जातात?

पहिल्या महिन्याच्या २०,८२८ च्या हप्त्यात १७,००० रुपये निव्वळ व्याज असतं. मुद्दल फिटतं फक्त ३,८२८. दहा वर्षांत सुमारे २५ लाख रुपये हप्ते भरूनही कर्ज १६ लाख ८० हजार शिल्लक असतं. "अर्धी मुदत संपली म्हणजे अर्धं कर्ज फिटलं" हा समज इथेच चुकतो. नोकरी बदलीची असेल, किंवा पाच-सहा वर्षांत गावी परतायचं असेल, तर कर्जाचा फ्लॅट सहसा महागात पडतो.

निकाल कशाने फिरतो?

पहिली गोष्ट, फ्लॅटची किंमत किती वाढते. वाढ ३ टक्केच झाली तर २० वर्षांनी फ्लॅट ५४ लाखांचा असेल आणि भाडेकरू खूप पुढे राहील. वाढ ७ टक्के झाली तर तोच फ्लॅट १ कोटी १६ लाखांचा होतो आणि घेणारा पुढे जातो. ही वाढ आधी कोणी सांगू शकत नाही. बिल्डरचा माणूस "दहा वर्षांत दुप्पट" म्हणाला तर त्याच इमारतीतला किंवा शेजारचा जुना फ्लॅट दहा वर्षांपूर्वी कितीला गेला आणि आज कितीला जातो, हे विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, भाडं किमतीच्या किती टक्के आहे. इथे वर्षाचं भाडं १ लाख ८ हजार, म्हणजे ३० लाखांच्या ३.६ टक्के. तोच फ्लॅट १२,००० रुपये भाड्याचा असता, म्हणजे ४.८ टक्के, तर भाडेकरूकडे २० वर्षांनी ७९.७ ऐवजी फक्त ५७ लाख उरले असते आणि फ्लॅट घेणं सरळ फायद्याचं ठरलं असतं. म्हणून आधी हा एक भागाकार करा : बारा महिन्यांचं भाडं भागिले फ्लॅटची किंमत. साडेआठ टक्के व्याज आणि ७ टक्के परतावा धरला, तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास बरोबरी होते. त्यापेक्षा भाडं जितकं जास्त, तितकं घेणं परवडतं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शिस्त. वरच्या हिशोबात भाडेकरू दर महिन्याला, न चुकता, २० वर्षे फरक गुंतवतो. प्रत्यक्षात काय होतं? एका वर्षी बोअर घ्यावा लागतो, दुसऱ्या वर्षी कांद्याचा भाव पडतो, तिसऱ्या वर्षी घरात लग्न निघतं. सुरुवातीचे पैसे एफडीत ठेवले पण महिन्याचा फरक खर्च होत गेला, तर २० वर्षांनी हातात सुमारे ३० लाखच राहतात. म्हणजे ४९ लाखांचा फटका. हप्ता मात्र बँक सोडत नाही, म्हणून फ्लॅटवाल्याची बचत सक्तीने होते. भाड्याची वाट धरायची असेल तर पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी फरकाची रक्कम आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. हे जमणार नाही असं वाटत असेल, तर कर्जाचं घरच बरं.

व्याजदर वाढला की काय होतं?

बहुतेक गृहकर्जांचा दर बदलता असतो. समजा कर्ज घेतल्यावर लगेच दर साडेनऊ टक्के झाला. हप्ता वाढवला तर तो २२,३७१ होतो. हप्ता तोच ठेवला तर २० वर्षांचं कर्ज साडेपंचवीस वर्षांच्याही पुढे जातं. अनेकांना हे कळतही नाही, कारण खात्यातून कटणारी रक्कम बदललेली नसते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी बँकेने कर्जदाराला द्यायची आहे. वर्षातून एकदा कर्जाचा उतारा काढून उरलेल्या हप्त्यांची संख्या बघावी.

ऊस किंवा कांद्याचे एकरकमी पैसे आले तर ते कर्जात भरता येतात. वैयक्तिक, बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडणं हे ७ टक्क्यांच्या एफडीपेक्षा फायद्याचं आहे. पण चार-सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवूनच हे करावं.

अनुदान आणि कर

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं व्याज अनुदान टप्प्याटप्प्याने मिळू शकतं. अट मोठी आहे : कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. गावचं घर वडिलांच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी, पण वाटणीत ते तुमच्या नावावर चढलं असेल तर अडचण येते. अर्जाआधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ तपासा.

नव्या कर पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजावर सूट मिळत नाही. ती पद्धत निवडली असेल तर "कर वाचेल" हे कारण हिशोबातून वगळा.

तुमचा हिशोब असा करा

१. पहिल्या दिवशी खिशातून जाणारी पूर्ण रक्कम लिहा, मुद्रांक आणि नोंदणीसह.
२. हप्ता अधिक मेंटेनन्स आणि घरपट्टी, यातून भाडं वजा करा. हा महिन्याचा फरक.
३. नगरला किती वर्षे राहणार, ते खरंखुरं ठरवा. दहाच्या आत असेल तर भाड्याची बाजू जड.
४. गेल्या दोन वर्षांचं बँक पासबुक काढा. या काळात फरकाइतकी रक्कम दर महिन्याला शिल्लक पडली होती का, ते पाहा. पडली नसेल तर २१ हजारांचा हप्ताही झेपणार नाही. तेव्हा आधी लहान फ्लॅट, जास्त स्वतःचे पैसे किंवा आणखी दोन वर्षे भाडं, यांतलं काय जमतं ते बघावं.