व्हीलचेअरवरील खेळाडू आणि क्रिएटिन : मात्रा, पाणी आणि मूत्रपिंडाचा अहवाल

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील व्यायामशाळांमध्येही आता क्रिएटिनचे डबे नवे राहिलेले नाहीत. डब्यावर छापलेली मात्रा मात्र दोन्ही पाय धडधाकट असलेल्या माणसासाठी ठरवलेली असते. माडावरून पडून किंवा दुचाकीच्या अपघातात मज्जारज्जूला इजा झालेला, पोलिओने पाय बारीक राहिलेला किंवा पाय गमावलेला माणूस जेव्हा केवळ खांदे, छाती आणि दंडांच्या बळावर सराव करतो, तेव्हा ती मात्रा त्याला तशीच्या तशी लागू पडत नाही. त्याहून मोठी अडचण रक्ताच्या अहवालाची आहे. क्रिएटिन घेणाऱ्याच्या मूत्रपिंडावर लक्ष ठेवण्यासाठी जी नेहमीची चाचणी केली जाते, तीच अशा व्यक्तींच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवते.

क्रिएटिन हे उत्तेजक नव्हे. शरीर ते यकृत, मूत्रपिंड आणि स्वादुपिंडात स्वतः तयार करते, काही मांस-मासळीतून मिळते, आणि त्याचा सुमारे ९५ टक्के साठा स्नायूंत असतो. पहिल्या काही सेकंदांच्या जोरकस हालचालीत स्नायूचे इंधन झपाट्याने पुन्हा भरून देणे हे त्याचे काम. कच्च्या मासळीत किलोमागे साधारण ४ ग्रॅम क्रिएटिन असते. म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज पाऊण किलो बांगडा किंवा इसवण खावी लागेल, आणि शिजवताना त्यातलेही थोडे कमी होते. जून-जुलैची मासेमारी बंदी आणि मागोमाग येणारा श्रावण या काळात हा आहारातला वाटा आणखी घटतो. बारमाही शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत साठा मुळातच कमी असल्याने पूरक क्रिएटिनचा परिणाम त्यांच्यात सहसा अधिक दिसतो.

हाताने चाक ढकलणाऱ्या खेळाडूंवरील संशोधन थोडे आहे आणि ते एका सुरात बोलत नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेच्या भागात मज्जारज्जूला पूर्ण इजा झालेल्या १६ पुरुषांना सात दिवस रोज २० ग्रॅम क्रिएटिन देण्यात आले. हाताने फिरवायच्या यंत्रावर त्यांची कार्यक्षमता वाढली आणि प्राणवायू वापरण्याची कमाल पातळीही वर गेली. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली सहा स्पर्धात्मक व्हीलचेअर धावपटूंवर झालेल्या चाचणीत मात्र ८०० मीटरच्या वेळेत सुधारणा आढळली नाही. मनगट उचलणारे दुबळे स्नायू सुधारतात का, हे २००५ साली चतुरंगघात असलेल्या व्यक्तींमध्ये तपासले गेले, आणि तिथेही लाभ दिसला नाही.

या विसंगतीमागे कारण आहे. जो स्नायू मज्जातंतूचा निरोप पोहोचत नसल्याने दुबळा आहे, त्याला अधिक इंधन देऊन फरक पडत नाही. ८०० मीटरची शर्यत दीड-दोन मिनिटे चालते, आणि एवढ्या वेळात क्रिएटिनचा साठा केव्हाच मागे पडतो. उलट बेंच प्रेसच्या पाच-सहा आवृत्त्या, व्हीलचेअर बास्केटबॉलमधील थांबून पुन्हा घेतलेली झेप किंवा गोळाफेक अशा छोट्या, पुनःपुन्हा लागणाऱ्या जोरासाठी त्याचा उपयोग संभवतो. शाबूत स्नायूंचा ताकदीचा सराव चालू असेल तरच. ज्याचे ध्येय केवळ रस्त्यावर लांब अंतर कापण्याचे आहे, त्याने पैसे वाचवलेले बरे.

मात्रेबद्दल. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम, ही ‘लोडिंग’ची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. पुरुषाच्या शरीरातील निम्म्याहून अधिक स्नायू कमरेखाली असतात. पायांचे स्नायू झडलेले असतील तर क्रिएटिन साठवायची जागाच कमी, आणि वरचे सारे लघवीवाटे निघून जाते. शिवाय एकावेळी मोठी मात्रा घेतल्यास जुलाब होतात. ठरावीक वेळी शौचाचा क्रम सांभाळणाऱ्या मज्जारज्जूबाधित व्यक्तीसाठी ही साधी गैरसोय नसते. रोज ३ ग्रॅम घेतले तरी सुमारे चार आठवड्यांत धडधाकट माणसाचेही स्नायू लोडिंगइतकेच भरतात, हे १९९६ सालापासून ज्ञात आहे. म्हणून पायांत हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी ३ ग्रॅम, जेवणाबरोबर, लोडिंगविना, हाच समंजस मार्ग.

पाण्याचा प्रश्न यालाच जोडून येतो. क्रिएटिनबरोबर रोज चार-पाच लीटर पाणी प्यावे, असा सल्ला व्यायामशाळांत सर्रास दिला जातो. ठरावीक वेळाने कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करणाऱ्या व्यक्तीला एकावेळी साधारण ४०० ते ५०० मिलिलीटरच्या वर लघवी साचू द्यायची नसते. पाणी एकदम दुप्पट केले आणि कॅथेटरच्या वेळा तशाच ठेवल्या, तर मूत्राशय ताणले जाते आणि दाब मूत्रपिंडापर्यंत उलटतो. ३ ग्रॅम क्रिएटिनला वेगळे पाणी लागत नाही. कॅथेटर टाळण्यासाठी पाणीच कमी पिण्याची सवय मात्र तितकीच घातक आहे, कारण खडे आणि जंतुसंसर्ग त्यातूनच वाढतात. पोलिओ झालेल्या किंवा पाय गमावलेल्या व्यक्तीच्या मूत्राशयाचे नियंत्रण सहसा शाबूत असते, त्यामुळे हा परिच्छेद मुख्यत्वे मज्जारज्जूबाधितांसाठी आहे. पुढचा भाग मात्र पायांचे स्नायू झडलेल्या सर्वांना लागू आहे.

स्नायूंतील क्रिएटिनचा एक लहान हिस्सा रोज झिजून क्रिएटिनिन बनतो. मूत्रपिंड ते गाळून बाहेर टाकते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज बांधतात. स्नायू कमी तर क्रिएटिनिनही कमी. अहवालावर छापलेली ०.७ ते १.३ ही ‘सामान्य’ कक्षा अशा शरीरासाठी नसतेच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. डिचोली तालुक्यातील ३२ वर्षांचा पुरुष, पाठीच्या मणक्यांच्या दहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा, वजन ५८ किलो, पॅरा पॉवरलिफ्टिंगचा सराव. क्रिएटिन सुरू करण्यापूर्वी त्याचे क्रिएटिनिन ०.५ भरते. नेहमीच्या सूत्राने मूत्रपिंडाची गाळण्याची गती मिनिटाला १३९ मिलिलीटर येते, पण हा आकडा स्नायू कमी असल्याने फुगलेला आहे. सहा आठवड्यांनंतर क्रिएटिनिन ०.६५ झाले, तर बहुधा काही बिघडलेले नाही. साठा वाढल्याने क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षितच असते. परंतु ते १.० झाले तर? प्रयोगशाळेच्या कागदावर १.० च्या शेजारी कोणतीही खूण नसेल, आणि सूत्रही १०३ असा समाधानकारक आकडा देईल. प्रत्यक्षात क्रिएटिनिन दुप्पट झाले, याचा अर्थ गाळण्याची क्षमता निम्म्यावर आलेली असू शकते. ‘क्रिएटिनमुळे वाढले असेल’ म्हणून तो अहवाल बाजूला ठेवला, तर मूत्रपिंडाला आलेली सूज महिनोन्‌महिने लक्षात येणार नाही.

हा गुंता सोडवणारी चाचणी सिस्टाटिन सी नावाच्या प्रथिनाची आहे. ते शरीरातील जवळजवळ सर्वच पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू किती आहेत किंवा क्रिएटिन घेतले की नाही, याचा त्यावर विशेष परिणाम होत नाही. वरील उदाहरणात ते आधी ०.८ असेल आणि नंतरही ०.८ राहिले, तर गती ११७ च्या आसपास स्थिर आहे आणि वाढ क्रिएटिनची आहे. तेच १.२ वर गेले तर गती ६८ वर घसरते. मग क्रिएटिन त्याच दिवशी थांबवून डॉक्टर गाठायला हवा. थायरॉइडचे विकार, स्टिरॉइड औषधे आणि चालू संसर्ग यांनी सिस्टाटिनही हलते, हे डॉक्टरांना सांगावे.

म्हणून पहिला चमचा घेण्यापूर्वीच क्रिएटिनिन, सिस्टाटिन सी आणि लघवीतील प्रथिने यांची नोंद हवी. मज्जारज्जूबाधित व्यक्तीची मूत्रपिंडाची सोनोग्राफी वर्षभरात झालेली नसेल, तर तीही. गोमेकॉत किंवा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात नियमित तपासणीला जाणाऱ्यांनी तिथेच विषय काढावा. सिस्टाटिनची चाचणी कुठे होईल, हे तिथेच विचारून घ्यावे. नंतरची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी. आदल्या दिवशी जड सराव आणि भरपूर मांस-मासळी टाळावी, कारण दोन्हींनी क्रिएटिनिन तात्पुरते चढते. लघवीच्या जंतुसंसर्गावर दिले जाणारे को-ट्रायमॉक्साझोल हे औषधही मूत्रपिंडाला इजा न करता क्रिएटिनिन वाढवते. खांदेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र खरोखर इजा करू शकतात. चाक ढकलणाऱ्यांचे खांदे दुखतात आणि या गोळ्या दुकानात सहज मिळतात, तेव्हा क्रिएटिनवर आळ येतो आणि खरा दोषी सुटतो. एकच मूत्रपिंड असलेल्यांनी, मूत्रपिंडाला सूज असलेल्यांनी किंवा वारंवार तापासह संसर्ग होणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना सुरुवातच करू नये.

वजनाची बाब छोटी वाटते, पण याच उदाहरणात ती स्पर्धा घालवू शकते. क्रिएटिन स्नायूंत पाणी धरून ठेवते आणि पहिल्या काही आठवड्यांत एक किलोच्या आसपास वजन वाढते. ५८ किलोचा हा खेळाडू ५९ किलो गटात उतरणार असेल, तर थोडीशी जास्त वाढही त्याला ६५ किलोच्या गटात ढकलते. खुर्चीवरून पलंगावर स्वतःला उचलताना तेवढाच भार खांद्यांवर येतो. उभे न राहता वजन करायचे तर काजू किंवा धान्याची पोती तोलण्याचा मोठा सपाट काटा सोयीचा. आधी खुर्चीसह आणि मग रिकाम्या खुर्चीचे वजन घेऊन वजाबाकी करावी, दर आठवड्याला त्याच वेळी, मूत्राशय रिकामे करून.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत क्रिएटिन नाही. पण भेसळीच्या डब्यातून बंदी असलेला पदार्थ शरीरात गेला तरी जबाबदारी खेळाडूचीच राहते. साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट, दुसरा कोणताही घटक नसलेले आणि तुकडीनिहाय तपासणीचे प्रमाणपत्र असलेले, एवढेच घ्यावे. महागड्या मिश्रणांनी अधिक लाभ होत असल्याचा पुरावा नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत भुकटीच्या गुठळ्या होतात. त्यामुळे ती निकामी होत नाही, मात्र चमच्याचे माप चुकते, म्हणून छोट्या डिजिटल काट्यावर ३ ग्रॅम तोलावे. पाण्यात कालवून ठेवलेले क्रिएटिन मात्र हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलू लागते, तेव्हा सकाळी बाटलीत मिसळून संध्याकाळच्या सरावाला नेऊ नये.